बुडाले ते बुडाले : न चालणाऱ्या दुकानाचा हिशेब

(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने कॉस्ट अकाउंटंट. आमच्या धंद्यातल्या माणसाला व्याख्यानाला बोलावतात तेव्हा श्रोत्यांची अपेक्षा साधारण दोन प्रकारची असते : एकतर हा गृहस्थ कर वाचवण्याच्या युक्त्या सांगेल, नाहीतर झोप आणील. आज मी पहिली गोष्ट करणार नाही, आणि दुसरी होऊ नये असा प्रयत्न करीन.

आजचा विषय आहे 'बुडीत खर्च'. जो पैसा खर्च होऊन गेला आणि आता काहीही केले तरी परत येणार नाही, तो बुडीत खर्च. आणि त्या गेलेल्या पैशाकडे बघत पुढचा निर्णय घेणे, याला अर्थशास्त्रज्ञ बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतात.

सोपे उदाहरण सिनेमाचे. तीनशे रुपयांचे तिकीट काढून आपण आत बसलो. मध्यंतरापर्यंत कळून चुकले की सिनेमा टुकार आहे. आता उरलेला सव्वा तास बसायचे की उठायचे? बहुतेक जण बसतात आणि कारण विचारले तर म्हणतात, "तीनशे रुपये घातलेत, वसूल नको करायला?" पण बसलो तरी तीनशे गेलेले आहेत आणि उठलो तरी गेलेले आहेत. दोन्हीकडे सारखी असलेली रक्कम निर्णयाच्या कामाची नाही. प्रश्न फक्त पुढच्या सव्वा तासाचा आहे : तो इथे घालवायचा की बाहेर कॉफी पिण्यात. टुकार सिनेमा शेवटपर्यंत पाहून तीनशे वसूल होत नाहीत. तीनशे जातात आणि वर सव्वा तासही जातो.

या बाबतीत अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात एक सुंदर प्रयोग झाला होता. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोघांनी तो 1985 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घ्यायला आलेल्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण किमतीला, म्हणजे 15 डॉलरला तिकीट दिले. काहींना दोन डॉलर सूट, काहींना सात डॉलर सूट. कोणाला सूट मिळणार हे केवळ योगायोगाने ठरले होते. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेले लोक सूट मिळालेल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटकाची गोडी काही दोन डॉलरने कमी होत नाही. जास्त पैसे गेले म्हणून पाय नाट्यगृहाकडे वळत होते. गंमत म्हणजे हंगामाच्या दुसऱ्या निम्म्यात हा फरक उरला नाही. पैसे भरल्याची आठवण जुनी झाली तशी तिची ओढ कमी झाली.

सिनेमाचे तीनशे आणि नाटकाचे पंधरा डॉलर ही लहान बाब झाली. तीच चूक दुकानात होते तेव्हा घर हलते. म्हणून आज मी उरलेला सगळा वेळ एकाच दुकानाला देणार आहे. हे दुकान कोणा एकाचे नाही. अनेक वह्या पाहून मी ते जुळवले आहे, आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. तेव्हा कोणी शेजाऱ्याकडे पाहू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात हा विचार कधी ना कधी येऊन जातो : इथे मराठी माणसे एवढी आहेत, भाजणीची चकली, पुरणपोळी, थालीपिठाची भाजणी मिळत नाही, आपणच दुकान का काढू नये? असेच एक फराळाचे दुकान धरा. भाडे महिन्याला 25 हजार. बंगळुरूच्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांची अनामत, म्हणजे अडीच लाख. काउंटर, कपाटे, वायरिंग, पाटी, फरशी यांना चार लाख. डीप फ्रीझर, मोठी शेगडी, ग्राइंडर, वजनकाटा यांना दोन लाख. परवाने, पहिला माल आणि उद्घाटन पन्नास हजार. एकूण झाले नऊ लाख. दोन वर्षे दुकान चालले. त्या काळात जो तोटा आला तो भरून काढायला घरून आणखी तीन लाख घातले. भाडेकरार तीन वर्षांचा आहे, त्यातले एक वर्ष बाकी आहे. दोन महिने आधी कळवून जागा सोडता येते.

आता महिन्याचा हिशेब. विक्री एक लाख 20 हजार. त्यात माल, तेल, तूप, पीठ धरून रुपयामागे 55 पैसे जातात. उरतात 45 पैसे, म्हणजे महिन्याला 54 हजार. त्यातून भाडे 25 हजार, एका मदतनिसाचा पगार 18 हजार, वीज आणि गॅस नऊ हजार, पॅकिंग आणि किरकोळ आठ हजार, मिळून 60 हजार. तोटा महिन्याला सहा हजार. शिवाय मालकीणबाई दिवसभर तिथे राबतात त्याचे त्यांना काहीच मिळत नाही. त्या पूर्वी नोकरी करत होत्या, आणि आजही महिना 20 हजारांची नोकरी त्यांना मिळू शकते असे धरू.

या घरात रात्री जेवताना काय बोलणे होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. "बारा लाख घातलेत. आता बंद केले तर बारा लाख पाण्यात." आणि दुसरे वाक्य : "आणखी दोन लाख घालून एसी आणि चार टेबले टाकू, म्हणजे चालेल."

आता मी माझे काम करतो. वहीचे कोरे पान घेतो, वर आजची तारीख घालतो आणि मध्ये रेघ मारून दोन रकाने करतो. डावीकडे 'आज कळवून दोन महिन्यांनी बंद' आणि उजवीकडे 'करार संपेपर्यंत आणखी बारा महिने चालू'. नियम एकच : आजच्या नंतर जो पैसा येणार किंवा जाणार, तेवढाच या पानावर लिहायचा.

डावा रकाना पाहू. अनामत अडीच लाख परत मिळणार, त्यातून रंगकामाचे म्हणून घरमालक एक महिन्याचे भाडे कापणार, हातात सव्वादोन लाख. यंत्रांना बाजारात आज 80 हजार येतील. चार लाखांच्या काउंटर-कपाटांना किती येतील? कोणी उचलून नेईल तर वीस हजार. वायरिंग आणि फरशी भिंतीतच राहणार. जमेची बेरीज तीन लाख 25 हजार. मुदतीच्या दोन महिन्यांचा तोटा 12 हजार आणि मदतनिसाला निरोप देताना एक महिन्याचा पगार 18 हजार, असे 30 हजार वजा. उरले दोन लाख 95 हजार.

उजवा रकाना. बारा महिन्यांचा तोटा 72 हजार. अनामत तेवढीच, सव्वादोन लाख. यंत्रे वर्षभराने 50 हजारांना जातील, लाकूडकाम दहा हजारांना. मदतनिसाचे 18 हजार तेव्हाही द्यावेच लागतील. सगळे मिळून वर्षाअखेर हातात एक लाख 95 हजार.

फरक एक लाखाचा. पण हिशेब अजून संपला नाही. डाव्या रकान्यात मालकीणबाई दोन महिन्यांनी मोकळ्या होतात, म्हणजे दहा महिन्यांचे दोन लाख पगाराचे. आणि दोन लाख 95 हजार दहा महिने सात टक्क्यांनी ठेवले तर सुमारे 17 हजार व्याज. म्हणजे दुकान वर्षभर ओढायची खरी किंमत तीन लाख 17 हजार. महिन्याला सहा हजारांचा तोटा आहे असे जे वाटत होते, तो प्रत्यक्षात त्या दहा महिन्यांत दरमहा जवळपास 32 हजारांचा आहे.

आता तुम्ही पान पुन्हा पाहा आणि सांगा, बारा लाख कुठे आहेत? दोन्ही रकान्यांत कुठेच नाहीत. ते विसरून राहिले नाहीत. त्यांना लिहायला जागाच नाही, कारण डावीकडे लिहिले तर उजवीकडेही तेवढेच लिहावे लागतील आणि वजाबाकीत शून्य होतील.

या पानावरून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. बारा लाख 'गेले' असे आपण एकगठ्ठा म्हणतो, पण ते सगळे बुडालेले नाहीत. आज बंद केले तर तीन लाखांच्या आसपास परत येतात. म्हणजे बुडीत नऊ लाख आणि वाचवण्यासारखे तीन लाख. बाराच्या बारा लाखांचे दुःख करीत बसलेला माणूस या तीन लाखांकडे पाहतच नाही, आणि दर महिन्याला त्यातलाच एक तुकडा गळत असतो. 'बुडत्याचा पाय खोलात' असे आपण म्हणतो, तो पाय या तीन लाखांवरून खाली जात असतो. म्हणून पहिले काम खर्चाची यादी करून प्रत्येक ओळीपुढे 'आज विकले तर किती' हे लिहिण्याचे. ती किंमत जुन्या सामानाच्या दुकानदाराला विचारून लिहायची, मनाने नाही. हिशेबाच्या वहीतली किंमतही घ्यायची नाही. आयकराच्या दराने फर्निचरवर वर्षाला दहा टक्के घसारा धरला तर चार लाखांचे लाकूडकाम दोन वर्षांनी वहीत तीन लाख 24 हजार दिसते. बाजार त्याला वीस हजार देतो. वहीतला तो आकडा म्हणजे जुना खर्चच आहे, फक्त त्याला वर्षानुवर्षे भागून लिहिलेले असते.

आता एसी आणि टेबलांचे दोन लाख. इथे भ्रम सर्वांत जोरात काम करतो, कारण बारा लाखांपुढे दोन लाख लहान दिसतात. पण प्रश्न असा विचारायचा : दुकान किती चालले तर ते चालू ठेवणे बंद करण्याच्या बरोबरीला येईल? आपण काढले की दरमहा 32 हजार कमी पडतात. रुपयामागे 45 पैसे सुटतात, म्हणजे आजच्या विक्रीत सुमारे 70 हजारांची भर पडायला हवी. एक लाख 20 हजारांचे एक लाख 90 हजार व्हायला हवेत. एक गिऱ्हाईक सरासरी शंभर रुपयांचे घेते असे धरले तर आज रोज चाळीस गिऱ्हाइके येतात, ती रोज त्रेसष्ट-चौसष्ट यायला हवीत. हे झाले एक पैसा न घालता. दोन लाख घातले आणि वर्षाअखेर त्या एसी-टेबलांचे पन्नास हजार आले, तर दीड लाख गेले. ते दहा महिन्यांत भरून काढायला विक्री दरमहा आणखी 33 हजारांनी वाढायला हवी. म्हणजे रोज पंचाहत्तर गिऱ्हाइके, आणि एसीचे वीजबिल त्यात अजून धरलेलेच नाही.

आता या घरात बोलायची भाषा बदलते. "बारा लाखांचे काय?" हा प्रश्न मागे पडतो आणि "चाळीसची पंचाहत्तर कशी होतील?" हा पुढे येतो. त्याला उत्तर असू शकते. शेजारी नवीन ऑफिस येणार असेल, डब्यांची मोठी ऑर्डर ठरली असेल, तर असेलही. पण "एसी लावला की लोक येतात" हे उत्तर नाही. संध्याकाळी दारावर उभे राहून किती लोक उकाड्यामुळे परत जातात हे पंधरा दिवस मोजले तर उत्तराचा अंदाज येईल.

आपल्याला हे इतके कठीण का जाते? एक कारण डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडले. तेवढ्याच रकमेच्या लाभाने जेवढे बरे वाटते त्यापेक्षा तोट्याने जास्त लागते. आणि तोट्यात असलेला माणूस ठरलेला तोटा स्वीकारण्याऐवजी मोठ्या तोट्याचा जुगार पत्करतो, जर त्यात बरोबरीला येण्याची थोडीशीही आशा असेल. रिचर्ड थेलर यांनी, ज्यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे हिशेबाच्या भाषेत सांगितले : माणूस मनात खाती उघडतो आणि तोट्यातले खाते बंद करायला त्याचा हात धजत नाही. दुकान चालू आहे तोवर ती 'मंदी' असते. शटर कायमचे खाली ओढले की तो 'तोटा' होतो. पैसे तेवढेच, पण एका शब्दाने रात्रीची झोप जाते.

दुसरे कारण माणसांचे आहे. आपण परगावात राहतो. गावाकडे सांगून झालेले असते की मुलाने बंगळुरूत दुकान टाकले. उद्घाटनाला इथले सगळे आलेले असतात. बंद केले तर हे सगळे विचारणार. लाज वाटणे खोटे नाही आणि तिची किंमत शून्यही नाही. पण मग ती पानावर लिहा : "चार ओळखीच्यांनी विचारू नये म्हणून मी तीन लाख 17 हजार द्यायला तयार आहे." लिहून पाहिले की बहुतेकांना हा सौदा आतबट्ट्याचा वाटतो.

तिसरे कारण बॅरी स्टॉ या संशोधकाने 1976 मध्ये दाखवले. त्याने व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका कंपनीच्या दोन विभागांपैकी एकाला पैसे द्यायला सांगितले. नंतर निकाल वाईट आला असे सांगून पुन्हा पैसे वाटायला दिले. ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता, त्यांनी त्या पडत्या विभागाला जास्त पैसे दिले. ज्यांना दुसऱ्याचा निर्णय वारशाने मिळाला होता त्यांनी कमी दिले. पुढे 1997 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बँका तपासल्या, तेव्हा तेच दिसले : वरचे अधिकारी बदलले की बुडीत कर्जे बुडीत म्हणून मान्य होण्याचे प्रमाण वाढते. कर्ज तेच, फक्त त्यावर सही केलेला माणूस खुर्चीत नसतो.

याचा घरगुती उपयोग सोपा आहे. ज्याने दुकान काढले त्याने एकट्याने ते चालू ठेवायचे की नाही हे ठरवू नये. ज्याला आपली जुनी कथा माहीत नाही अशा व्यवहारी माणसाला फक्त आजचे पान दाखवावे, पहिल्या नऊ लाखांचे पान दाखवू नये. आणि असा माणूस मिळाला नाही तर स्वतःला एक प्रश्न विचारावा : "आज माझ्याकडे दुकान नाही, हातात दोन लाख 95 हजार रोख आहेत. कोणी मला हे दुकान, हा करार, ही चाळीस गिऱ्हाइके, तेवढ्याला देऊ केली, तर मी घेईन का?" नाही म्हणाल, तर दुकान चालू ठेवून तुम्ही तेच दर महिन्याला विकत घेत आहात.

कर्जाबद्दल इथे बोलले पाहिजे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो. "बँकेचा हप्ता आहे, दुकान बंद करून कसे चालेल?" असे म्हणतात. हप्ता दुकान चालू असले तरी द्यायचा आहे आणि बंद केले तरी द्यायचा आहे. तो दोन्ही रकान्यांत आहे, म्हणून मी आपल्या 60 हजारांत तो धरलाच नाही. हप्ता भरायला पैसा कुठून येणार हा खरा प्रश्न आहे, पण महिन्याला सहा हजार खाणारे दुकान हे त्याचे उत्तर नव्हे. उलट बंद करून आलेल्या पैशातून कर्जाचा काही भाग आधीच फेडता येतो.

आता दुसरी बाजू. ही सांगितली नाही तर तुम्ही घरी जाऊन सगळेच बंद करायला निघाल. गेलेला पैसा हे चालू ठेवण्याचे कारण नाही, तसेच ते बंद करण्याचेही कारण नाही. समजा याच दुकानाची विक्री महिन्याला दोन लाख 20 हजार असती. मग 99 हजार सुटले असते, 60 हजार खर्च जाऊन 39 हजार उरले असते. त्यातून मालकीणबाईंचे 20 हजार आणि सामानाची घट व व्याज यांचे पावणेसहा हजार काढले तरी तेरा हजार हातात राहतात. या वेगाने बुडालेले नऊ लाख करार संपेपर्यंत कधीच भरून येणार नाहीत. तरीही हे दुकान चालू ठेवावे, कारण आजपासून पुढे ते बंद करण्यापेक्षा जास्त देते. "नऊ लाख काही निघत नाहीत, कशाला चालवायचे" असे म्हणून ते बंद करणारा माणूस त्याच भ्रमात आहे, फक्त उलट्या तोंडाने.

तसेच, बंद करताना लागणारा दंड बुडीत खर्चात मोडत नाही. तो पुढचा खर्च आहे. याचे मोठे उदाहरण काँकर्ड विमानाचे. इथे विमान कारखान्यातली मंडळी बसली आहेत, त्यांना ते ठाऊक आहे. या भ्रमाला 'काँकर्डचा भ्रम' असेही नाव आहे, कारण खर्च वाढत गेला तरी "एवढे घातलेत" म्हणून ब्रिटन आणि फ्रान्स पुढे जात राहिले असे सांगितले जाते. शेवटी प्रवासी सेवेत आली चौदाच विमाने, 1976 ते 2003 या काळात, आणि ती मुख्यतः त्या दोन देशांच्याच विमान कंपन्यांनी चालवली. पण गोष्टीला दुसरी बाजू आहे. 1962 च्या करारात बाहेर पडण्याचे कलमच ठेवलेले नव्हते. 1964 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या नव्या सरकारला हे काम थांबवायचे होते, पण एकतर्फी माघार घेतली तर फ्रान्स भरपाई मागेल अशी भीती होती. तेव्हा तिथे सगळाच भ्रम नव्हता, कराराचेही ओझे होते. आपल्या दुकानाचा करार दोन महिन्यांच्या मुदतीऐवजी 'तीन वर्षे सोडता येणार नाही' असा असता, तर उरलेल्या वर्षाचे तीन लाख भाडे डाव्या रकान्यातही आले असते आणि दोन रकान्यांतला फरक खूपच कमी झाला असता. म्हणून सही करण्यापूर्वी बाहेर पडण्याचे कलम वाचा. धंदा सुरू करताना ते वाचायला कोणाला आवडत नाही.

आणि शेवटचा मुद्दा धीराचा. नवे दुकान पहिल्या चार महिन्यांत चालले नाही म्हणून बंद करणे हेही शहाणपण नाही. फराळाचे दुकान एक दिवाळी पाहिल्याशिवाय कळत नाही. पण धीर आणि भ्रम यांतला फरक ओळखायचा कसा? धीर धरणाऱ्याला विचारले, "कशाची वाट पाहता?" तर तो काहीतरी मोजता येण्यासारखे सांगतो. भ्रमात असलेला माणूस मागे किती घातले ते सांगतो. म्हणून दुकान उघडण्यापूर्वी, डोके थंड असताना, एका कागदावर तारीख आणि आकडा लिहा : दुसऱ्या दिवाळीनंतरच्या जानेवारीत रोजची गिऱ्हाइके साठ झाली नाहीत तर जागा सोडण्याचे पत्र द्यायचे. दिवाळीचा महिना मुद्दाम वगळायचा, कारण त्या महिन्यात कोणाचेही दुकान चालते. कागदावर घरातल्या दोघांनी सही करायची आणि तो तिसऱ्याकडे ठेवायला द्यायचा. दुकान सुरू झाल्यावर तारीख पुढे ढकलायची असेल तर ती त्या तिसऱ्याला कारण सांगूनच ढकलायची.

आपल्या दुकानातल्या मंडळींनी काय ठरवावे असे मला विचाराल, तर पान स्पष्ट आहे : पंधरा दिवस दारावर मोजणी करावी, डब्यांच्या ऑर्डरची दोन-चार ठिकाणी चौकशी करावी, आणि चाळीसची चौसष्ट होण्याचा रस्ता दिसला नाही तर महिनाअखेर घरमालकाला पत्र द्यावे. फराळाची हातोटी दुकानाबरोबर बंद होत नाही. घरून ऑर्डर घेऊन तीच चकली विकता येते, आणि त्याला 25 हजार भाडे लागत नाही. तो हिशेब मात्र पुन्हा कोऱ्या पानावर, नव्या तारखेने करावा.

तुम्ही माझे शांतपणे ऐकून घेतलेत, कोणी मध्येच उठून गेले नाही. तिकीट नव्हते, म्हणून ते वसूल करायला बसला होता असे मी म्हणू शकत नाही, याचा मला विशेष आनंद आहे.